आप्पा कलंडले तेव्हा

परवा सकाळी लिफ्टमध्ये पेंढ्याचा वास आला. कुणीतरी आंब्याची पेटी वर नेली असणार, कोपऱ्यात दोन-चार पिवळ्या काड्या पडल्या होत्या. सानपाड्यात राहणाऱ्याला हापूस आला हे सांगायला कॅलेंडर लागत नाही. घाऊक फळमार्केट हाकेच्या अंतरावर. मार्च लागला की तुर्भ्याकडून येणाऱ्या रिक्षांनासुद्धा तो वास चिकटून येतो, पेंढ्याचा, कच्च्या लाकडाचा आणि आत कुठेतरी पिकायला लागलेल्या गोडाचा. लोक म्हणतात, सीझन सुरू झाला. मला मात्र दरवर्षी आधी आंबा आठवत नाही. शब्द आठवतात. टाईट, टल्ली, टुन्न, तर्र, फुल्ल, औट. आणि येडा, खुळा, मठ्ठ, माठ, ठोंब्या, ढक्कन.

ते शब्द ज्या वर्षी गोळा केले, त्या वर्षी मी भाषाविज्ञानात एमए करत होते. आमच्या बाई शिकवताना फळ्याकडे कमी आणि खिडकीबाहेर जास्त बघायच्या. एक दिवस म्हणाल्या, "जगातल्या कितीतरी भाषांमध्ये दोन गोष्टींसाठी बोलीतले शब्द ढिगाने सापडतात. प्यालेला माणूस आणि मूर्ख माणूस. का सापडत असतील? पुस्तकात बघू नका. जिथं लोक बोलतात तिथं जाऊन बसा." बाकीच्या मुली कॉलेजच्या कँटीनमध्ये जाऊन बसल्या. मी फळबाजारात गेले, कारण तिथे माझे वडील होते.

आप्पा माथाडी. पाटण तालुक्यातलं गाव सोडून विसाव्या वर्षी मुंबईला आलेले, आणि तेव्हापासून डोक्यावर चुंबळ ठेवून पेट्या वाहिलेल्या. कमी बोलणारे, दुपारी जेवण झाल्यावर गाळ्याच्या कट्ट्यावर वीस मिनिटं अंग टाकणारे, आयुष्यात दारूला न शिवलेले. त्यांच्या टोळीतले बाकीचेही सगळे साताऱ्याकडचेच होते. त्यातले बाजीराव मामा बोलण्यात सगळ्यांचे पुढारी. मी वही घेऊन चहाच्या टपरीवर बसले तेव्हा त्यांनी आधी आप्पांकडे बघून घेतलं.

"आप्पा, पोरगी काय विचारतीया बग. पिलेल्या मानसाला काय काय म्हंत्यात म्हनं."

आप्पा म्हणाले, "सांगा की. अभ्यास हाय तिचा." आणि पेटी उचलून गेले.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, दहा-पंधरा शब्द मिळतील. तासाभरात पानं भरली. गंमत अशी की शब्द एकेकटे येत नव्हते. एकाने 'टल्ली' म्हटलं की दुसरा लगेच म्हणायचा, "छ्या, टल्ली म्हंजे लई झालं. आदी चढती. मग झिंगतो. मग टाईट. टल्ली त्याच्या म्होरं." तिसरा सांगायचा, "आनि आडवा झाला की खेळ खलास." म्हणजे ते एकाच गोष्टीचे नुसते वेगवेगळे शब्द नव्हतेच, तो जिना होता. प्रत्येक पायरीवरचा माणूस घरी कसा पोचतो, पोचतो की नाही, त्याला उद्या कामावर धरायचं की नाही, हे त्यातून कळत होतं. आणि बोलणारा कुठं उभा आहे त्यावर पायरी बदलायची. स्वतःबद्दल बोलताना "जरा घेतलीय". मित्राबद्दल, "त्याला लागलीय". नावडत्या माणसाबद्दल, "लोळत होता गटारात". पेग तिघांचे तेवढेच.

टपरीच्या बाकावर आणखी एक माणूस कायम बसलेला असे. जनादादा. घणसोली गावातले आगरी, मूळचे तिथलेच. वाडवडिलांची भातशेती होती, खाडीला लागून मिठागर होतं. आता त्या जागेवर टॉवर उभे होते आणि गावठाणातल्या घरावर मुलांनी मजले चढवून खोल्या भाड्याने दिल्या होत्या. घरात जनादादांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हणून ते रोज सकाळी मार्केटात यायचे, ओळखीच्या व्यापाऱ्यांशी गप्पा मारायचे आणि दुपारनंतर प्यायचे. रोज. हे ते लपवत नव्हते.

"बाय, पुस्तक लिवतेस तं मना इचार," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "यांनी नुसतं बगलंय. मी पेलेला मानूस हाय."

जनादादा म्हणजे खजिनाच होते. आगरी बोलीत 'येडा'चा 'येरा' होतो, हे त्यांनी मला दहा वेळा म्हणून दाखवलं. दारूला घरात 'दारू' म्हणायचं नसतं म्हणून कोण 'औषध' म्हणतं, कोण 'तीर्थ', आणि मित्र नुसतं "बसायचं का?" विचारतात, हेही त्यांनीच सांगितलं. "बसायचं म्हटलं की बायकोला कळत नाय. मंग कळतं. मंग दुसरा शब्द कारायचा." एवढं बोलून ते हसले. आडून बोलायचा शब्द सगळ्यांना कळला की त्याचा आडोसा संपतो आणि नवा शोधावा लागतो, हे बाईंनी आम्हाला पूर्ण तास घेऊन समजावलं होतं. जनादादांना तीन वाक्यं पुरली.

एकदा मी त्यांना विचारलं, नवा शब्द बनतो तरी कसा? त्यांनी समोरच्या टोपल्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "काल तो सख्या पार फणस झालेला."

सगळे हसले. कुणीही विचारलं नाही, फणस म्हणजे काय. मग ज्याला त्याला चेव आला. "पार कलिंगड झालेला." "पार हातगाडी झालेला." कुठलाही शब्द घ्या, आधी 'पार' लावा, नंतर 'झालाय' म्हणा, भुवया थोड्या वर करा. झाली दारू! बाईंना सांगितलं तेव्हा त्या आनंदाने टेबलावर थाप मारून म्हणाल्या, "हेच! इंग्रजीत असंच होतं, जर्मनमध्ये असंच होतं. अर्थ शब्दात नसतो, वाक्याच्या साच्यात असतो. ऐकणाऱ्याला साचा ऐकूनच कळतं की आता दारूची गोष्ट आहे. शब्द फक्त गंमत म्हणून. म्हणून तर ते संपत नाहीत."

त्यांनी आणखी काय काय सांगितलं होतं. जर्मन माणूस प्यायला की 'निळा' होतो. फ्रेंच माणूस थोडी घेतली की करडा, जास्त घेतली की काळा. स्वीडिश भाषेत 'भरलेला' आणि 'प्यालेला' हा एकच शब्द, आपल्या 'फुल्ल'सारखा. आणि मूर्खपणाचं बरोबर उलटं. तिथं सगळं रिकामं किंवा अपुरं. आपल्याकडे डोक्यात मेंदूऐवजी भुसा, वरचा मजला रिकामा, स्क्रू ढिला. जर्मन माणसाच्या कपाटात सगळे कप नसतात. नाहीतर मग जड आणि बंद वस्तू: दगड, माठ, ठोंब्या, ढक्कन. नाहीतर उशिरा पेटणारा दिवा, ट्यूबलाइट. पिणारा भरलेला आणि मूर्ख रिकामा. त्या रात्री मी ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. मला फार मोठं काहीतरी सापडल्यासारखं वाटत होतं.

आणि 'हुशार'साठी? 'शुद्धीवर असलेला' यासाठी? एकेक, दोनदोन. जे नीट चाललंय त्याला कोण नाव ठेवतंय! रुळावरून घसरलेलं डोळ्यांत भरतं. शिवाय या दोन्ही गोष्टी अशा, की त्यांच्यावर हसता येतं. मरणावर, महारोगावर हसताना जीभ अडखळते. पिणाऱ्यावर आणि वेंधळ्यावर हसणं सगळ्यांना परवडतं, कारण आपणही कधीतरी तिथं जाऊन आलेलो असतो आणि आत्ता, या क्षणी, तिथं नसतो. हसणारे सगळे मिळून एका बाजूला होतात. नवा शब्द काढणाऱ्याला कट्ट्यावर भाव मिळतो. जुना झाला की त्याची धार जाते, मग पुन्हा नवा. मूर्खपणाच्या शब्दांत तर दवाखान्यातून आलेलेही असतात. 'मतिमंद' हा शब्द कधीतरी कुणीतरी कळवळ्यानं, शिवी टाळण्यासाठी घडवला असणार. आमच्या शाळेत पोरं तो एकमेकांच्या अंगावर फेकत होती.

हे सगळं मी शिकत होते तेव्हा मार्च संपून एप्रिल उजाडला होता. मार्केटात पेट्यांचे डोंगर लागले होते. आणि घरात काहीतरी बिघडत होतं.

आधी आईच्या लक्षात आलं. आप्पा सकाळी उठले की डोकं धरून बसायचे. चहाचा कप त्यांच्या हातून दोनदा पडला. एकदा डाव्या पायातली चप्पल वाटेत कुठं गळून पडली ते त्यांना घरी येईपर्यंत कळलंच नाही. आई म्हणाली, "अवो, खुळ्यावानी काय करताय?" ते नुसते बघत राहिले, जणू प्रश्न लांबून आला होता. नंतर बोलणं जड झालं. शब्दाचं शेपूट तोंडातच राहायचं. संध्याकाळी दारातून आत येताना चौकटीला खांदा आपटायचा.

एकदा मी मोरीत हात धूत होते आणि आई आप्पांचा शर्ट नाकाला लावून उभी होती. मला बघून तिने तो चटकन बादलीत टाकला.

"वास नाही येत गं," ती हळू आवाजात म्हणाली. "काय खाऊन येतेत वास दाबायला?"

"आई, आप्पा पीत नाहीत."

"तीस वरसं न्हाईत प्याले. आता काय सांगावं. त्या कट्ट्यावर बसतेत ना सगळी."

माझ्या वहीत त्या लक्षणांची नीट वर्गवारी होती. जीभ जड होणं, तोल जाणं, उशिरा उत्तर देणं. ती सगळी शब्दांसकट मला पाठ होती. वडिलांकडे बघताना माझ्या मनात आपोआप शब्द यायचे. सगळ्यात भयंकर गोष्ट म्हणजे ते नेमके बसायचे.

एका रात्री आप्पा माझ्याशेजारी येऊन बसले. मी लिहीत होते. त्यांनी माझ्या वहीकडे बघितलं. मग म्हणाले, "मी पीत न्हाय गं."

"माहितीये आप्पा."

"न्हाय. तुला म्हाइती न्हाय." एवढं बोलून ते उठले आणि भिंतीला हात लावत आत गेले. ती खाली घातलेली मान आजही मला दिसते. आपल्याच मुलीला आपण पीत नाही हे सांगायला लागलेल्या माणसाची मान.

त्याच आठवड्यात मी टपरीवर गेले तेव्हा बाजीराव मामा कुणाला तरी सांगत होते, "आप्पा आज बी कलंडलाय."

मी थांबले. 'कलंडणे' हा शब्द मला माहीत होता. घागर कलंडते, होडी कलंडते. पण प्यालेल्या माणसाला लावलेला मी ऐकला नव्हता. नवाकोरा. आणि मी काय केलं ते सांगायलाच हवं, त्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. मी वही उघडली आणि तो शब्द लिहून घेतला. 'कलंडला, क्रियापद, प्यालेला माणूस, होडीवरून आलेलं रूपक.' तो माझ्या वडिलांबद्दल होता हे मला कळलं होतं. वाईटही वाटलं होतं. पण आधी लिहून घेतलं.

मामांनी मला बघितलं आणि ते चपापले. "चेष्टा गं पोरी. मान्साला सीझनला ताण येतो. घेतली थोडी तर काय बिघडलं? आमी काय कुणाला सांगत न्हाय." ते खोटं बोलत नव्हते. गेले पंधरा दिवस टोळीतले सगळे आप्पांच्या वाटच्या जड पेट्या आपल्या डोक्यावर घेत होते. गाळ्याच्या शेठला पत्ता लागू दिला नव्हता. ते त्यांना हसत होते आणि सांभाळतही होते. त्यांच्या लेखी तो प्यायला लागलेला मित्र होता, आणि प्यायला लागलेल्या मित्राला कसं वागवायचं याची रीत त्यांना ठाऊक होती. हसायचं, झाकायचं, घरी पोचवायचं. शब्दांबरोबर ती रीतही मिळते.

जनादादा बाकावर होते. सकाळचे अकरा वाजले होते, म्हणजे ते अजून कोरे होते. त्यांनी मामांना विचारलं, "काय म्हनलास? कलंडला?"

"हां. बग की, आला."

आप्पा गाळ्यातून येत होते. रिकामे हात. चालताना डावीकडे जात होते, थांबत होते, सरळ होत होते, पुन्हा डावीकडे. दोघं-तिघं हसले. जनादादा हसले नाहीत. उठले, आप्पांच्या जवळ गेले आणि अगदी तोंडाजवळ नाक नेऊन हुंगलं. मग जमिनीकडे बोट दाखवलं. टपरीसमोर फरशांचा लांब सांधा होता.

"आप्पा, या रेषेवरनं चाल."

"कशाला?"

"चाल तं खरा. पोलिसांनी मना दोनदा चालवलाय. आज तू चाल."

आप्पा चालले. चार पावलं, आणि डावीकडे. जनादादांनी त्यांना मागे आणून पुन्हा उभं केलं. पुन्हा डावीकडे. तिसऱ्यांदाही डावीकडेच, आणि या वेळी बाजीराव मामांनी धावत जाऊन धरलं नसतं तर ते पेट्यांवर पडले असते. आता कुणी हसत नव्हतं.

जनादादा माझ्याकडे वळले. "बाय, तुजा बापूस पेलेला नाय. ह्यो बाजीराव खरं बोलला नि त्यालाच कललं नाय. पेलेला मानूस दोन्हीकरं जातो, हिकरं नि तिकरं. ह्यो एकाच अंगावर जातो. कलंडतो." त्यांनी हाताचा पंजा होडीसारखा तिरका करून दाखवला. "नि दारू रातची चढते, सकालची उतरते. त्याची सकाली उतरलेली नाय. पंधरा दिस नुसती चढतंच हाय. अशी दारू अजून कोनी कारलेली नाय. मना ठाव असती."

मग ते आप्पांच्या डोक्याला हात लावत म्हणाले, "डोक्याला काय लागलेलं काय?"

उत्तर मामांनी दिलं, आणि देताना त्यांचा चेहरा उतरत गेला. सीझनच्या सुरुवातीला थप्पीवरची एक पेटी घसरून आप्पांच्या कानाच्या वर लागली होती. उजव्या बाजूला. पाच मिनिटं बसले, पाणी प्याले, टेंगूळ चोळलं आणि कामाला लागले. त्याला सव्वा महिना झाला होता. घरी त्यांनी सांगितलंही नव्हतं.

रिक्षात आम्ही तिघं होतो. आप्पा मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला जनादादा. मामा मागून दुसऱ्या रिक्षाने येत होते. हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात गर्दी होती. दमलेल्या तरुण डॉक्टरने आप्पांना नाव विचारलं, त्यांनी ते जड जिभेने सांगितलं, आणि डॉक्टरने मान वर न करता विचारलं, "किती घेतलीय?"

"ते पीत नाहीत," मी म्हणाले.

"सगळे असंच सांगतात, ताई. तिकडं झोपवा. उतरली की बघू."

दोन महिने मी शब्द गोळा केले होते आणि वेळेला एकही तोंडात येईना. तेवढ्यात जनादादा पुढे झाले. टेबलावर दोन्ही हात टेकून त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, "डॉक्टर, पेनारा मी हाय. वीस वरसं रोज पेतोय. माजे डोले बगा, माजे हात बगा, कसे थरथरतात. आता त्याचे बगा. त्याचा डावा हात बगा फक्त. मंग मना सांगा, आमी दोगं एक हाव काय."

डॉक्टरने मान वर केली. त्याचं मला आजही कौतुक वाटतं. तो चिडू शकला असता. तो उठला. आप्पांना दोन्ही हात समोर धरून डोळे मिटायला सांगितलं. उजवा हात तसाच राहिला. डावा हळूहळू वळला आणि खाली उतरत गेला. आप्पांना ते कळतही नव्हतं, डोळे मिटून ते इमानदारीत उभे होते.

"डोक्याला मार?" डॉक्टरने विचारलं. आवाज बदलला होता.

पुढचं सगळं भराभर झालं. स्कॅन झाला. कवटीच्या आत, मेंदूच्या वरच्या आवरणाखाली उजव्या बाजूला रक्त साचलं होतं. पेटी लागली तेव्हा एखादी बारीक शीर तुटली असणार, आणि तेव्हापासून थेंब थेंब रक्त झिरपत मेंदूला दाबत होतं. उजवीकडचा मेंदू डावं अंग चालवतो, म्हणून डावा हात, डावा पाय, डावी चप्पल. वरिष्ठ डॉक्टर म्हणाले, "असे पेशंट बऱ्याचदा दारुडे म्हणून नाहीतर म्हातारचळ लागला म्हणून घरीच राहतात. आणखी उशीर झाला असता तर बेशुद्ध झाले असते, मग हातात फार काही राहत नाही." दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. कवटीला दोन भोकं पाडून ते जुनं, गाडीच्या जळक्या ऑइलसारखं काळं रक्त काढून टाकलं. तिसऱ्या दिवशी आप्पांनी मला हाक मारली, आणि माझ्या नावाचं शेवटचं अक्षर स्पष्ट ऐकू आलं. आई वॉर्डाच्या दाराशी भिंतीकडे तोंड करून रडली. तिला तो शर्ट आठवत होता, मला वहीतली ती ओळ.

बाजीराव मामा रोज यायचे. खाटेच्या पायाशी उभे राहायचे, नारळपाणी ठेवायचे आणि जायचे. कट्ट्यावर ज्यांचं तोंड थांबायचं नाही, त्या माणसाला तिथं बोलता येत नव्हतं. चौथ्या दिवशी कसंबसं म्हणाले, "आप्पा, चुकलं." आप्पा म्हणाले, "तू धरलंस म्हनून पडलो न्हाय." एवढंच. माणसाच्या घसरण्याला डझनावारी शब्द, आणि आपल्या चुकीसाठी सगळ्यांना हा एकच. त्यावर हसता येत नसल्यामुळे असेल. त्याची कुणी गंमत म्हणून नवी रूपं काढत बसत नाही.

मी ते सगळं बाईंना जाऊन सांगितलं. वहीतली ती ओळही दाखवली. वाटलं होतं, त्या काहीतरी धीर देतील. त्यांनी ओळ वाचली आणि म्हणाल्या, "रूपक म्हणून लिहिलंस, ते रूपक नव्हतं. तो बघून बोलला होता." मग वही मला परत देत म्हणाल्या, "शब्दांचा हा उपयोगच असतो. बघायचे कष्ट वाचतात." त्यांनी तो प्रकल्प मला पूर्ण करायला लावला. मी केला. त्यात शेवटी एक छोटं टिपण जोडलं, की भाषेत एखाद्या गोष्टीला खूप शब्द असतात तेव्हा त्या गोष्टीसारखं दिसणारं दुसरं काही त्यांच्या गर्दीत लपून जातं. आणि हेही लिहिलं, की ते लपलेलं शोधून काढलं ते त्याच शब्दांच्या बारीक पायऱ्या ज्याला स्वतः चढून-उतरून ठाऊक होत्या अशा माणसाने. ज्याला दारूचे दोनच शब्द येतात त्याला हे कळलं नसतं. मला चाळीस येत होते, पण ते ऐकीव होते.

आप्पा पुन्हा पेट्या उचलू शकले नाहीत. टोळीने त्यांना माल उतरताना देखरेखीचं काम दिलं. जून लागला, हापूस संपत आला, मार्केटात जुन्नरकडचा उशिराचा आंबा दिसायला लागला. एके दिवशी आप्पा म्हणाले, "घणसोलीला जाऊ या. जनादादाकडं."

गावठाणातली ती गल्ली इतकी अरुंद, की समोरून माणूस आला तर एकाने ओट्यावर चढावं. खाली दुकान, वर भाड्याच्या खोल्या, मधल्या मजल्यावर घर. दुपारची वेळ होती आणि जनादादा कोरे नव्हते. खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. आम्हाला बघून उठायला गेले आणि पुन्हा बसले. त्यांचा मोठा मुलगा लाजून म्हणाला, "आप्पा, त्यांच्याशी आता बोलून काय फायदा नाय. पार येरा झालाय बापूस." सुनेने तोंडाला पदर लावला. बायको, काशीकाकी, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर ना राग ना लाज, नुसता बऱ्याच वर्षांचा थकवा होता.

भेट म्हणून आणलेली आंब्याची छोटी पेटी आप्पांनी माझ्या हातून घेऊन खाली ठेवली. काकीकडे बघून म्हणाले, "वैनी, तुमचा नवरा लई शहाना मानूस हाय."

धाकटा मुलगा फिस्सकन हसला. चूक त्याची नव्हती. आपल्याकडे 'शहाणा' हा शब्द सरळ वापरायची सवय कधीच मोडली आहे. 'मोठा शहाणा आलाय', 'दीडशहाणा', 'शहाण्या, गप बस' असं म्हणत आपण त्यालाही मूर्खांच्या यादीत नेऊन बसवलंय. जनादादांनासुद्धा आयुष्यात तो तसाच ऐकायला मिळाला असणार. त्यांनी मान वाकडी करून आप्पांकडे बघितलं, थोडं हसून, टोमणा झेलायच्या तयारीत.

"चेष्टा न्हाय," आप्पा म्हणाले. त्यांची जीभ आता स्वच्छ होती. "आमी सगळी बगत व्हतो. ह्यांनी वळखलं. डॉक्टर म्हनला, चार दिस गेलं अस्तं तर मी नव्हतो. शहाना मानूस हाय."

कुणीच हसलं नाही. जनादादांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, दोन हातांवर समोरच्या घराची भिंत होती.

काशीकाकी आत गेली. भांड्यांचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात ताट होतं, भात, सुक्या जवळ्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी. मला वाटलं, पाहुणे म्हणून आधी आप्पांना देईल. ती खुर्चीपाशी गेली, स्टूल पुढे ओढलं आणि ताट नवऱ्यासमोर ठेवलं. मग पदराला हात पुसत आमच्याकडे वळून म्हणाली, "तुमी पन बसा. अजून वाढते."